फोन मराठीत, पण अपडेटची सूचना फक्त इंग्रजीत: तक्रार

दि. १४ नोव्हेंबर २०२५
सक्करदरा, नागपूर

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय: सॉफ्टवेअर अपडेटची माहिती आणि इशारे न वाचता येणाऱ्या भाषेत दिल्यामुळे झालेल्या नुकसानाबाबत

महोदय/महोदया,

मी घरून डबे पुरवते. मेडिकल चौकाच्या आसपास खोल्या घेऊन राहणारी मुलं आणि काही नोकरदार मंडळी मिळून माझ्याकडे ३४ डबे आहेत. मला मराठी चांगलं वाचता येतं. इंग्रजी अंक ओळखते, पण इंग्रजी वाक्य वाचता येत नाही. तुमचा फोन घेतला तेव्हा पहिल्याच स्क्रीनवर भाषा विचारली होती आणि मी मराठी निवडली. तेव्हापासून दोन वर्षं फोन माझ्याशी मराठीतच बोलतो आहे.

५ नोव्हेंबरला रात्री साडेनऊच्या सुमारास अपडेटचं पान उघडलं. खाली दोन बटणं मराठीत होती, ‘आता इन्स्टॉल करा’ आणि ‘रात्री इन्स्टॉल करा’. वर मात्र बोटभर जाडीचा मजकूर होता आणि तो सगळा इंग्रजीत. त्यात मला वाचता आलं ते एवढंच: १५, २.९ आणि ५०%. कणीक मळायची होती, फोन हाताशी लागणार होता, म्हणून मी रात्रीचं बटण दाबलं आणि फोन चार्जिंगला लावून झोपले.

माझी सकाळ कशी असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहाटे पाचला मी कॉटन मार्केटला भाजी आणायला जाते. एवढं ओझं घेऊन रिक्षात फोन सांभाळणं होत नाही, म्हणून तो घरी ओट्याजवळ असतो. ज्यांना डबा नको असतो ते सहापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतात. फोन वाजला की सासूबाई लॉक असलेल्या स्क्रीनवरच नाव आणि ‘आज नको’ हे दोन शब्द वाचतात आणि पाटीवर खूण करतात. त्यांना पिन माहीत नाही आणि त्याची कधी गरजही पडली नाही.

६ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपचा एकही संदेश वाजला नाही. दोन कॉल आले, पण त्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. ‘काकू, आज नको’ म्हणून पोरांनी फोन ठेवला. कोण बोललं ते सासूबाईंना कळलं नाही. मी पावणेआठला फोन हातात घेऊन बोट लावलं, तर फोनने पिन मागितला. पिन टाकताच एकामागून एक संदेश येऊन पडले. तोपर्यंत सगळ्यांचा स्वयंपाक झाला होता. ९ डबे वाया गेले. एका डब्याचे ७० रुपये धरले तर ६३० रुपये. पैसा तर गेलाच, पण नऊ माणसांचं वरण, भाजी आणि पोळ्या समोर पडलेल्या बघून मला दिवसभर चैन नव्हतं.

असं का झालं ते मला माझ्याकडून डबा घेणाऱ्या एका मुलाने समजावलं. तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. फोन रीस्टार्ट झाला की पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत आतली बरीचशी माहिती कुलूपबंद असते. कॉल येतो, गजर वाजतो, पण संपर्कांची नावं त्या कुलपाच्या आत असतात, म्हणून नुसता नंबर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपही पिन टाकल्याशिवाय चालू होत नाही. फोन चोरीला गेला तर माहिती सुरक्षित राहावी यासाठी हे केलेलं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. अपडेटचं ते पान सेटिंग्जमध्ये अजून होतं. त्याने ते उघडून मला अर्थ सांगितला. तिसऱ्या ओळीत साफ लिहिलेलं होतं की फोन रात्री रीस्टार्ट होईल आणि पिन टाकेपर्यंत संदेश व सूचना मिळणार नाहीत. ही एक ओळ मराठीत असती तर मी रात्रीचं बटण दाबलंच नसतं. दुपारी डबे गेल्यावर अपडेट केलं असतं.

दुसरी गोष्ट. त्यानंतर दोन दिवस फोन गरम होत होता आणि बॅटरी दुपारीच उतरत होती. फोन बिघडला असं वाटून मी सीताबर्डीच्या तुमच्या सेवा केंद्रात गेले आणि ‘पहिल्यासारखं करून द्या’ म्हणाले. तिथे कळलं की मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत अ‍ॅप नव्याने जुळवून घेतो, म्हणून थोडे दिवस असं होतं आणि मग आपोआप थांबतं. तसंच झालं. पण जुनी आवृत्ती परत टाकता येत नाही, फोनच ती घेत नाही, हेही तिथेच पहिल्यांदा कळलं. ज्या थोड्या फोनमध्ये जमतं तिथेही आधी सगळी माहिती पुसावी लागते. मी तर मुलीच्या लग्नाचे फोटोसुद्धा दुसरीकडे ठेवले नव्हते. ‘आधी बॅकअप घ्या, हे अपडेट मागे घेता येणार नाही’ ही सूचना त्याच पानावर शेवटून दुसरी होती.

आता मला एवढं कळतं की १४ चे १५ झाले आणि आकार गिगाबाइटमध्ये असला तर ते आवृत्ती बदलणारं मोठं अपडेट. आकडा तोच राहिला आणि आकार तीन-चारशे एमबी असला तर बहुतेक वेळा महिन्याचं सुरक्षेचं छोटं अपडेट. ५०% म्हणजे तेवढी बॅटरी हवी. पण पिनची गोष्ट आणि मागे न फिरण्याची गोष्ट कुठल्याच आकड्यात दिसत नाही, ती शब्दांतच असते. दुसऱ्याच्या फोनने पानाचा फोटो काढून भाषांतर करून घेता येतं, हेही त्या मुलाने दाखवलं. रात्री साडेनऊला दुसरा फोन कोणाकडून आणायचा?

त्याच्या म्हणण्याप्रमाणे बटणांवरची मराठी फोनमध्येच भरलेली असते, पण अपडेटचा मजकूर प्रत्येक वेळी तुमच्या सर्व्हरवरून येतो. तिथे मराठी मजकूर कोणी चढवला नसेल तर इंग्रजी दिसतो. म्हणजे फोनला मराठी येते, तुमच्याकडे कोणी लिहिलं नाही एवढंच.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. रीस्टार्टनंतर पिन, बॅकअप, मागे न जाणं आणि किमान बॅटरी, हे चार इशारे दर अपडेटला जवळपास तेच असतात. ते बटणांसारखे फोनमध्येच मराठीत भरून ठेवा, म्हणजे सर्व्हरवर मजकूर असो वा नसो, ते दिसतील. पिनचा इशारा ‘रात्री इन्स्टॉल करा’ या बटणाला लागूनच असावा. उरलेला मजकूर मराठीत तयार नसेल तर तसं मराठीत सांगा आणि ‘नंतर’ असं तिसरं बटण द्या. शिवाय अपडेटनंतरच्या रीस्टार्टला पिनशिवायही अ‍ॅप चालू राहतील अशी सोय अँड्रॉइड ११ पासून कंपन्यांना देता येते, असं मला कळलं. ती या फोनमध्ये का दिली नाही?

६३० रुपयांची भरपाई मिळावी, आणि या पत्राचं उत्तर ३० दिवसांत लेखी, मराठीत मिळावं. फोनचं बिल आणि अपडेटच्या पानाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली ग्राहक,
(सही)