मराठी भाषा मंत्र्यांना खुलं पत्र: साध्या मराठीतला तक्रार अर्ज भिंतीवर लावा

मा. मराठी भाषा मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

साहेब, माझं तहसील कार्यालयाच्या बाहेर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे अर्ज टाईप करतो, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. माणूस दुकानात येतो तेव्हा स्वतःची तक्रार दोन मिनिटांत नीट सांगतो, पण कागदावर घ्यायची म्हटली की म्हणतो "जरा सरकारी भाषेत लिहा". आणि तिथंच सगळा घोळ होतो.

एक उदाहरण देतो, वारस नोंदीचं. वडील वारले, मुलाने तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज दिला, कित्येक महिने झाले तरी सातबाऱ्यावर नाव नाही. तो घरून जुन्या अर्जावरून उतरवलेला मजकूर घेऊन आला होता: "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रकरणी अद्यापपावेतो कोणतीही कार्यवाही करण्यात आलेली नसून सबब आपले स्तरावरून उचित ती कार्यवाही होणेस विनंती आहे." विषयात फक्त "तक्रार अर्ज बाबत".

आता यात गाव नाही, गट नंबर नाही, काम काय तेही नाही. टपाल घेणारा क्लार्क आवक रजिस्टरमध्ये विषयाचीच ओळ उतरवतो, तिथे "तक्रार अर्ज" एवढंच पडलं तर तो कागद कुठल्या टेबलावर जाणार? आणि सगळ्यात वाईट म्हणजे "उचित कार्यवाही". तुम्ही उचित कार्यवाही मागितली की उत्तरही तसंच येतं, "उचित कार्यवाही करण्यात येत आहे", आणि तक्रार निकाली. दोष फक्त त्यांचा नाही हो, आपणच काही ठोस मागितलेलं नसतं.

मी त्याला असा करून दिला:

"विषय: मौजे (गावाचं नाव), गट नं. ११२ वरील वारस नोंद प्रलंबित असल्याबाबत.
संदर्भ: माझा दि. १२ जूनचा अर्ज (पोच सोबत जोडली आहे).

महोदय, माझे वडील वारले असून वारस नोंदीसाठी मी वरील अर्ज दिला आहे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला व वारसांचे प्रतिज्ञापत्र दिले होते. आजपर्यंत फेरफार नोंद झालेली नाही व कोणती त्रुटी आहे हेही मला कळवलेले नाही. कृपया नोंद कोणत्या टप्प्यावर आहे ते लेखी कळवावे. त्रुटी असल्यास सांगावी, मी ती पूर्ण करीन. त्रुटी नसल्यास नोंद घ्यावी, ही विनंती."

बस. यात उद्धट काहीच नाही. "कळवावे, सांगावी, घ्यावी" या रूपातच आदर येतो, त्याला वरून "सविनय", "कृपावंत व्हावे", "मायबाप" लावायची गरज नाही, एकदा "कृपया" पुरे. दुसरं म्हणजे "तलाठी मुद्दाम अडवतात" असं तो मला तीनदा म्हणाला, मी घेतलं नाही. मनातला हेतू सिद्ध करता येत नाही, आणि अर्ज वाचणारा साहेब मग नोंद सोडून आपल्या माणसाची बाजू सांभाळायला लागतो. तारीख लिहिली की दिरंगाई आपोआप दिसते. (पैसे मागितले असतील तर ती तक्रार वेगळी, तिचा कागद वेगळा आणि ऑफिसही वेगळं. दोन्ही एकाच अर्जात कोंबले की एकही पुढे सरकत नाही.)

कायद्याचं पण तसंच. हल्ली लोक अर्जात पहिल्याच ओळीत दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा टाकतात, सात दिवसांत करा नाहीतर बघून घेऊ. फाईल एका टेबलावर साधारण सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात आहे हे खरं, पण वारस नोंदीत फेरफार लिहिल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, म्हणजे नोंद सात दिवसांत होऊच शकत नाही. चुकीची मुदत मागितली की समोरच्याला आयतंच कारण मिळतं. म्हणून आधी टप्पा विचारायचा, कायदा दुसऱ्या अर्जासाठी ठेवायचा.

तर साहेब मागणी एवढीच. तहसील कार्यालयात नागरिकांची सनद लावतात तिच्या शेजारी तुमच्या विभागाने अशा साध्या मराठीतला तक्रार अर्जाचा एक नमुना लावावा, विषय कसा लिहायचा आणि मागणी कशी लिहायची एवढं दाखवणारा. आणि "अर्जाची भाषा बरोबर नाही" म्हणून टपाल शाखेतून कागद परत करू नये असं लेखी कळवावं, कारण माझ्याकडे असे परत पाठवलेले लोक येतात आणि मला त्याच गोष्टीचे परत पैसे घ्यावे लागतात, ते काही बरं वाटत नाही.

आपला,
तहसीलबाहेरचा एक टायपिंगवाला