बाबा, त्या तिन्हींची सरासरी काढायची नसते

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बोलायला गेले की बाबांचा आवाज चढतो आणि मग माझाही, म्हणून लिहितेय. आधी सांगून टाकते. चिन्मयचा इंजिनिअरिंगचा प्रवेश आम्ही परवा घेऊन टाकला. बाबा, एफडी मोडू नका. रिपीट करायचं नाही असं आम्ही तिघांनी बसून ठरवलंय. तुम्हाला आधी विचारलं नाही याची टोचणी आहे, पण मुदत संध्याकाळी पाचची होती. शिवाय तुम्ही "९१ टक्के असून हेच कॉलेज?" असं म्हणाला असतात, आणि मला घाईत नीट सांगता आलं नसतं.

ते ९१ टक्के नाहीत, बाबा. सीईटीच्या स्कोअरकार्डवर ९१.४ आहे ते पर्सेंटाईल. मार्क त्यावर छापतच नाहीत. ते चिन्मयने उत्तरसूचीशी ताडून स्वतः मोजले. दोनशेपैकी १०८, म्हणजे ५४ टक्के. घाबरू नका, हे वाईट नाहीत.

आठवतं, रॉकेलच्या रांगेत मला उभं करून तुम्ही सायकलला टेकून विचारायचात, "बेबी, पुढे किती, मागे किती?" कॅन शंभरात किती भरला ते टक्के. पुढे किती माणसं आहेत ती मोजली की रँक. आणि रांगेतल्या दर शंभरातली किती आपल्या बरोबरीची किंवा मागे, ते पर्सेंटाईल. चिन्मयच्या शिफ्टला समजा दहा हजार मुलं बसली असतील, तर ९,१४० जणांचे मार्क त्याच्याइतके किंवा कमी, आणि ८६० जण पुढे.

पण रांग केवढी आहे ते पर्सेंटाईल सांगत नाही, आणि मला भीती त्याचीच होती. राज्यात तीन लाख मुलं धरली तर ९१.४ ला पुढे पंचवीस हजार आठशे मुलं येतात. जेईई मेनला २०२४ मध्ये चौदा लाखांवर मुलं बसली होती. तिथे हेच ९१.४ म्हणजे पुढे एक लाख वीस हजार! आकडा तोच, पण एवढा फरक. कॉलेज मिळतं ते पुढे किती आहेत त्यावर. तुमच्या मनातल्या सरकारी कॉलेजची कॉम्प्युटरची यादी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली.

शेजारच्या मुलाचे ११२ मार्क असून त्याला ९०.८ का, हे तुम्ही दोनदा विचारलंत. परीक्षा बऱ्याच दिवसांत, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. त्याचा पेपर सोपा निघाला असेल, तर सगळ्यांनाच मार्क जास्त पडले आणि ११२ ची किंमत उतरली. चिन्मयचा अवघड, म्हणून १०८ ला भाव आला. एकाचे मार्क दुसऱ्या शिफ्टच्या मार्कांशी लावायचेच नाहीत, म्हणून तर पर्सेंटाईल काढतात.

आणि कॅलेंडरच्या मागे तुम्ही केलेला हिशेब. आईने फोटो पाठवला होता. फिजिक्स ८४.२, केमिस्ट्री ७९.६, मॅथ्स ९३.१, बेरीज भागिले तीन, ८५.६. खाली लाल पेनाने "कार्डात चूक, तक्रार करावी". बाबा, हसले नाही, खरंच. तुमचा भागाकार बरोबर आहे, पण तिन्ही रांगा वेगळ्या आहेत. केमिस्ट्रीत जे त्याच्या पुढे आहेत त्यांतले बरेच मॅथ्सला मागे पडलेत. एकूण पर्सेंटाईल काढताना आधी तिन्हींचे मार्क एकत्र करतात आणि मग नवी रांग लावतात. मॅथ्सचे मार्क शंभर, बाकी दोघांचे पन्नास-पन्नास, म्हणून मॅथ्स त्याला वर खेचतं. ९१.४ बरोबर आहे. तक्रार करू नका, कृपा करून.

रिपीट केलं असतं तर मार्क वाढलेही असते. पण बाकीच्यांचेही वाढले तर रांगेतली जागा तीच राहते, आणि वर्ष मात्र गेलेलं असतं. मिळालंय ते कॉलेज घरापासून चाळीस मिनिटांवर आहे, डबा मीच देणार आहे. रात्री तो घरी येईल, हेही मी मोजलं. स्वार्थी वाटलं तर वाटू दे.

आई, गल्लीत तू "९१ टक्के" म्हणून पेढे वाटलेस ते तसेच राहू दे, कुणाला दुरुस्त करत बसू नकोस. कुणी खोदून विचारलं तर "सीईटीला शंभरात नव्वदांच्या पुढे" एवढं म्हण, ते खरंच आहे. गुडघ्याला तेल लावून जिना चढू नकोस, घसरशील. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, पेपर वाचून झाल्यावर नाही. आणि चिन्मय रविवारी येतोय, त्याच्यासमोर एफडीचं नाव काढू नका. त्याला शिरा कर, आई, थोडा जास्त तुपाचा.

तुमची,
बेबी