तुझा पॅड मोजला, आता हे सेटिंग टाक

मन्या,

गेमपॅड माझ्याकडे ठेवून गेलास ते बरंच झालं, कारण फोनवर तू जे सांगत होतास ना की रेसिंग गेममध्ये हायवेला गाडी सरळ राहतच नाही, सारखी डावीउजवीकडे पोहत असते, ते नुसतं ऐकून कळण्यासारखं नव्हतं. काल रात्री लॅपटॉपला लावून नीट बघितला. पॅड बाद नाहीये, नवीन घ्यायची अजिबात गरज नाही, सेटिंगची वाट लागलीय फक्त. फोनवर सांगितलं तर अर्धं विसरशील म्हणून लिहूनच पाठवतोय, Forza Horizon 5 उघडून समोर ठेव आणि वाच.

आधी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुझं तूच करशील. Steam पूर्ण बंद केलं, खाली ट्रेमधून पण Exit, नाहीतर ते मधेच लुडबुड करतं. मग ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टचं एक पान उघडलं, अशी भरपूर आहेत. विंडोजचं joy.cpl पण चालतं पण त्यात चौकोनात एक फुली हलताना दिसते, आकडा नाही, आणि आपल्याला आकडा पाहिजे. पानावर AXIS 0 म्हणजे डाव्या स्टिकची डावीउजवी बाजू, पूर्ण डावीकडे -1, पूर्ण उजवीकडे 1 आणि मधे 0. निदान असायला पाहिजे 0.

आता बहुतेक लोक काय करतात, स्टिक सोडून देतात, आकडा बघतात, 0.01 वगैरे दिसला की खूश. तसं नाही करायचं. स्टिक पूर्ण डावीकडे नेऊन सोड, आकडा बघ, मग पूर्ण उजवीकडे नेऊन सोड, परत बघ, आणि असं बऱ्याच वेळा कर, हळू सोडून पण आणि फटकन सोडून पण. आतली स्प्रिंग जुनी झाली की स्टिक ज्या बाजूने येते त्या बाजूलाच जरा अलीकडे थांबते. तुझा डावीकडून सोडला की -0.06 वर थांबतो आणि उजवीकडून सोडला की 0.03 वर. म्हणजे डावं वळण संपवून तू अंगठा उचललास तरी गेमला वाटतं हा अजून थोडा डावीकडे वळतोय. तुझी गाडी आधी डावीकडे ओढायची ती यामुळे, व्हील अलाइनमेंटचा काही संबंध नाही, उगाच ट्यूनिंगमध्ये तासन्‌तास घालवू नको.

यावर उपाय म्हणून तुला कुणीतरी डेडझोन 25 करायला सांगितलं आणि तू केलंस. त्याने ओढणं थांबलं हे खरं, पण पोहणं सुरू झालं. का ते बघ. Steering Axis Deadzone Inside म्हणजे मधल्या किती टक्के हालचालीकडे गेमने दुर्लक्ष करायचं. 25 म्हणजे डावीकडचे 25 आणि उजवीकडचे 25, दोन्ही मिळून 50, आणि स्टिकची एकूण धाव इकडून तिकडे 200 धरली तर चौथा हिस्सा मेलेला. हायवेला 250 च्या स्पीडला तुला जेमतेम इकडे तिकडे करायचं असतं, तू अंगठा थोडा हलवतोस, काही होत नाही, अजून हलवतोस, अजून काही नाही, मग वैतागून ढकलतोस आणि गाडी एकदम वळते, मग तिला परत आणायला उलट्या बाजूला तोच सगळा मेलेला पट्टा ओलांडायचा. जुन्या पद्मिनी टॅक्सीचं स्टिअरिंग आठव, अर्धा चक्कर फिरवल्यावर चाकांना पत्ता लागायचा, ड्रायव्हर सरळ रस्त्यावर पण सतत हात हलवत बसायचा. तेच तू करतोयस.

आणि एवढ्यावर संपत नाही, तुझ्याकडे त्याच्यावर अजून एक थर होता. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये Steam Input चालू दिसतंय आणि त्यात डेडझोन 15. Steam आधी स्वतःचा डेडझोन कापतं, उरलेली धाव ताणून परत 0 ते 100 करतं आणि ती गेमला देतं, गेमला वाटतं हाच खरा पॅड, मग तो त्यातून स्वतःचे 25 टक्के कापतो. हिशोब कर, 15 गेले, उरले 85, त्याचे 25 टक्के म्हणजे 21 च्या आसपास, एकूण 36. अंगठ्याने एक तृतीयांशपेक्षा जास्त स्टिक ढकलेपर्यंत गाडीला काही कळतच नाही! तरी तू रेस पूर्ण करत होतास, कमाल आहे तुझी.

म्हणून पहिलं काम, डेडझोन एकाच जागी ठेवायचा. Steam लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, Properties, Controller, तिथे Disable Steam Input निवड. तुझा पॅड विंडोजला एक्सबॉक्सचा पॅड म्हणूनच दिसतो त्यामुळे गेम त्याला थेट ओळखतो, काही अडणार नाही. (तुझ्या ऑफिसातल्या त्या मित्राकडे प्लेस्टेशनचा पॅड आहे ना, त्याने हे डोळे झाकून करू नये, त्याच्या गेमने पॅड थेट ओळखला नाही तर Steam Input चालू ठेवायचं, मग Steam मधला डेडझोन अगदी कमी करायचा आणि खरा आकडा गेममध्ये टाकायचा.)

दुसरं काम, गेममध्ये Settings मधून Advanced Controls ला जा. तुझा सगळ्यात वाईट आकडा 0.06, म्हणजे 6 टक्के, त्यावर थोडी ढील म्हणून Steering Axis Deadzone Inside ला 8 टाक. 6 च टाकलंस तर आज चालेल पण स्प्रिंग जरा अजून ढिली पडली की परत ओढायला लागेल, आणि 12-15 टाकायचं काही कारण नाही.

त्याच्या खालीच Steering Axis Deadzone Outside आहे, याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. स्टिक किती टक्क्यांवर पोचली की गेमने पूर्ण वळलं असं धरायचं, तो हा आकडा. तुझा पॅड उजवीकडे पूर्ण 1 देतो पण डावीकडे 0.94 लाच अडकतो. Outside 100 ठेवलंस तर डावीकडे पूर्ण स्टिअरिंग तुला कधीच मिळणार नाही, घाटातल्या आवळ वळणावर गाडी बाहेर फेकली जाणार आणि तू टायरला शिव्या देणार. शिवाय अंगठा सरळ रेषेत कधी जात नाही, तो गोलाकार फिरतो, टोकाला स्टिक थोडी वर किंवा खाली जाते आणि आडवा आकडा अजून कमी होतो. म्हणून 92 टाक.

आता 8 आणि 92 मध्ये 84 ची धाव उरली आणि गेम ती 0 ते 100 वर पसरवतो. म्हणजे स्टिक 20 वर असेल तर 20 वजा 8, बारा, भागिले 84, साधारण 14 टक्के स्टिअरिंग. 50 वर असेल तर 42 भागिले 84, बरोबर 50. अंगठा आणि चाक जवळजवळ बरोबरीने चालतात. तुझ्या जुन्या सेटिंगला 20 वर शून्य मिळत होतं.

तपासायचं कसं? गाडी उभी कर, कॅमेरा असा ठेव की पुढचं चाक दिसेल, आणि स्टिक अगदी सावकाश ढकल. चाक शून्यापासून हळूहळू वळायला लागलं तर झालं. काही काळ काहीच नाही आणि मग एकदम जोरात वळलं तर समज कुठेतरी अजून एक डेडझोन लपलाय, बहुतेक Steam Input परत चालू झालेलं असेल. मग हायवेला जाऊन स्टिक डावीकडे मारून सोड, उजवीकडे मारून सोड, गाडी सुटल्यावर सरळ गेली पाहिजे. डावीकडे सरकली तर Inside एकेकाने वाढव, बास. शेवटी गेममधल्या ला ग्रान काल्देरा ज्वालामुखीच्या नागमोडी रस्त्याने खाली उतर, तिथे Outside बरोबर आहे की नाही ते कळतं.

Steering Linearity, म्हणजे मधे स्टिअरिंग किती तिखट किंवा मंद लागतं ते, त्याला तूर्तास हात लावू नको, 50 वर राहू दे. डेडझोन चुकलेला असताना लोक लिनिअॅरिटी फिरवत बसतात आणि मग नक्की कशाने काय झालं ते समजतच नाही. डेडझोन जमल्यावर आठवडाभर चालव, तरीही मधे जास्त तिखट किंवा जास्त मंद वाटलं तर पाच-पाचने बदलून बघ. आणि स्टिअरिंग Simulation वर ठेवलंयस ते त्याच्या आधीच्या पर्यायावर आण, पॅडचा अंगठा क्षणात इकडून तिकडे जातो, खरं स्टिअरिंग व्हील तसं जात नाही, Simulation मध्ये गेम तो झटका कमी शोषतो. पॅडवर काही लोक शानमध्ये Simulation वापरतात, वापरू दे.

ट्रिगर पण बघितले, टेस्टच्या पानावर ते बटण 6 आणि 7 म्हणून दिसतात. दोन्ही सोडले की 0, दाबले की 1, मस्त आहेत. ब्रेकचा कधी सोडल्यावर पण 0.03 वगैरे दिसला तर Deceleration Axis Deadzone Inside 5 कर, नाहीतर गाडी सतत हलका ब्रेक लावून पळत राहते आणि टॉप स्पीड का येत नाही ते डोकं खाजवूनही कळत नाही.

तुझ्या धाकट्याला सांग, कीबोर्डला डेडझोन बिडझोन काही नसतं. A दाबली की पूर्ण डावीकडे, सोडली की शून्य, मधलं वळण गेम स्वतःच्या वेगाने भरतो, म्हणून की धरून ठेवायची नाही, टकटक करत राहायचं. त्याचा हँडब्रेक कधीकधी लागतच नाही म्हणत होता ना, तो गेमचा दोष नसावा. स्वस्त कीबोर्डमध्ये ठराविक तीन कीज एकत्र ओळखल्या जात नाहीत, ॲरो वापरत असेल तर वर, डावा आणि स्पेस हे त्रिकूट बऱ्याच कीबोर्डवर मार खातं. त्याला W आणि A धरून ठेवून नोटपॅडमध्ये स्पेस दाबायला सांग, जागा पडली तर WASD वर ये म्हणावं, नाही पडली तर हँडब्रेक दुसऱ्या कीवर टाकायचा, प्रत्येक की तशीच तपासून.

एक गोष्ट मात्र सेटिंगने सुटणार नाही. स्टिक अर्ध्यावर एका जागी धरून ठेव आणि आकडा बघ. तो 0.38, 0.51, 0.40 असा उड्या मारायला लागला तर आतला स्टिकची जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर झिजलाय, डेडझोन फक्त मधला भाग झाकतो, अर्ध्यावरच्या उड्यांना तो काही करू शकत नाही. तुझा अजून स्थिर आहे, मी तपासला. पुढेमागे झालाच तर लॅमिंग्टन रोडला स्टिकचं मॉड्यूल बदलून देणारे आहेत, आणि बदलायचाच झाला तर हॉल सेन्सरवाला बसेल का ते विचार, तो चुंबकाने मोजतो, त्यामुळे मोजणारा भाग घासत नाही.

रविवारी दुपारनंतर ये, मेगाब्लॉक असेल तर बसने ये पण ये. पॅड तुझा, पण रेसचा पहिला नंबर माझ्या हातात, आणि आल्यावर नुसती गाडी चालवू.

तुझा,
पक्या
भांडुप