इराच्या खात्याबद्दल, आणि माझ्या एका चुकीबद्दल

सांगली,
रविवार रात्र

प्रिय सुनीता,

परवा फोनवर तू म्हणालीस, "इराचं इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट चालू केलंय, आता तिचे मेसेज मला वाचता येतील ना?" तेवढ्यात तुझी रिक्षा आली आणि तू फोन ठेवलास. मी मात्र रात्रभर त्या प्रश्नात अडकले. उत्तर 'नाही' असं आहे, पण नुसतं 'नाही' सांगून तुझं काम भागणार नाही. म्हणून शाळेत असताना लिहायचो तसं सविस्तर पत्र लिहिते आहे. चहा करून घे.

आधी एक फरक लक्षात घे. टीन अकाउंट वेगळं आणि पालकांची देखरेख वेगळी. फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे इन्स्टाग्राम अठराच्या आतल्या मुलांना आपणहूनच टीन अकाउंटमध्ये टाकतं. त्यात तुला काही करावं लागत नाही. खातं खाजगी होतं, आणि इरा ज्यांना फॉलो करते किंवा ज्यांच्याशी तिचा आधीच संपर्क आहे तेवढेच तिला मेसेज करू शकतात. इरा चौदाची आहे, त्यामुळे यातलं काहीही सैल करायचं तर तिला तुझी परवानगी लागेल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मात्र, देखरेख चालू नसेल तर, हे स्वतःचं स्वतः बदलता येतं.

देखरेख ही त्याच्यापुढची पायरी, आणि ती तुला चालू करावी लागते. त्यासाठी तुझंही खातं हवं (हो, तुला एक काढावंच लागेल, आणि इराला त्याची लाज वाटणार आहे). सेटिंगमधल्या फॅमिली सेंटरमधून आमंत्रण जातं आणि ते तिने स्वीकारावं लागतं. चोरून चालू करता येत नाही. तिने ती काढून टाकली तर तुला कळतं, तू काढलीस तर तिला कळतं. मला हे बरं वाटतं. आमच्या स्टाफरूममध्ये एकीने मुलाच्या फोनमध्ये कसलं तरी गुप्त ॲप टाकलं होतं. ते त्याला चार दिवसांत सापडलं, आणि तेव्हापासून घरात दोघं एकमेकांचे फोन लपवतात.

आता वेळेचं. इथे बहुतेक आया फसतात. टीन अकाउंटमध्ये दिवसाला साठ मिनिटं झाली की सूचना येते, 'आता थांब' अशा अर्थाची. ती नुसती आठवण असते. बोटाने बाजूला सारली की रील्स पुढे चालू. रात्री दहा ते सकाळी सातच्या झोपेच्या वेळेचंही तसंच आहे. त्या वेळात सूचना वाजत नाहीत आणि मेसेज करणाऱ्याला आपोआप उत्तर जातं, पण ॲप उघडायचंच म्हटलं तर उघडतं. माझी समजूत होती की दहाला ते बंद होतं. माझा ओजस पांघरुणात शांतपणे अकरापर्यंत जागा असायचा, आणि मी मैत्रिणींना सांगत होते की आमच्याकडे दहाला शटर पडतं! खरं कुलूप देखरेखीत आहे. तिथे रोजची मर्यादा तू ठरवतेस आणि ती भरली की ॲप बंद होतं. रात्रीचे तास पूर्ण बंद करायची सोयही तिथेच आहे. तेव्हा आजच जाऊन बघ, तू आठवण लावली आहेस की कुलूप.

तरी हे कुलूप त्या एका ॲपचं. फोनवरच्या बाकीच्या ॲपांसाठी मी ओजसच्या अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक लावलंय. कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते त्यात दिसतं, नवं ॲप घ्यायला माझी मंजुरी लागते, रात्री अख्खा फोन बंद ठेवता येतो. कोण कोणाशी काय बोललं ते तिथेही दिसत नाही.

मेसेजबद्दल तू विचारलं होतंस. देखरेखीत तुला गेल्या सात दिवसांत इराने कोणाकोणाशी मेसेजवर बोलणं केलं त्यांची नावं दिसतील. शब्द दिसणार नाहीत, फोटो दिसणार नाहीत. नावं म्हणजे तरी काय, मुलांनी स्वतः ठेवलेली ती विचित्र नावं. त्यातला कोण शेजारचा आणि कोण ट्यूशनचा हे तुला तिलाच विचारावं लागेल. ती कोणाला फॉलो करते आणि तिला कोण, हेही दिसतं. कुठली रील तिने तीनदा पाहिली, काय शोधलं, यातलं काही नाही. आणि अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. फॉलोअर वाढवायचे म्हणून मुलं समोरून आलेली विनंती स्वीकारतात, उलट फॉलोही करतात, आणि तिथेच तो माणूस 'ओळखीचा' होतो. तिच्या फॉलो यादीत नवीन काय आलं ते अधूनमधून बघत जा. मेसेजच्या यादीपेक्षा ती जास्त बोलते.

आता माझी चूक सांगते. ही गोष्ट मी अजून आईलासुद्धा सांगितलेली नाही.

मी दर रविवारी सकाळी फॅमिली सेंटर उघडायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी ओजसची रोजची सरासरी बहात्तर मिनिटं होती आणि मेसेजच्या यादीत अकरा नावं. मी कटकट केली. दुसऱ्या रविवारी सरासरी सेहेचाळीसवर आली. तिसऱ्या रविवारी चोवीस मिनिटं आणि पाचच नावं! मला वाटलं, दहावीचं वर्ष पोराच्या डोक्यात शिरलं. त्या दिवशी मी शिरा केला. तो दोन घास खाऊन उठला. शिरा जास्त गोड झाला असेल असं मी मनाशी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मंडईत वेदांतची आई भेटली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "तुमचा ओजस आमच्याकडे येईनासा झाला. भांडले की काय?" तिथे मला आठवलं, तिसऱ्या रविवारच्या त्या पाच नावांत वेदांत नव्हता. पाचवीपासून ज्याच्याशी बोलल्याशिवाय याचा एक दिवस जात नाही तो यादीत नव्हता, आणि ती यादी मी डोळ्यांनी पाहिली होती. जी नावं होती ती मी तपासली. कोणतं नाव गेलं ते बघायचं मला सुचलंच नाही. आणि स्क्रीनवर ते कुठे लिहिलेलंही नसतं. सात दिवसांत ज्यांच्याशी बोलणं झालं ते दिसतात. ज्याच्याशी बोलणं बंद झालं तो नुसता नाहीसा होतो.

झालं असं होतं की ओजस वर्गात डुलकी घेत असताना कोणीतरी त्याचा फोटो काढला, तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. तो वर्गाच्या ग्रुपवर गेला, तोही भलत्याच ॲपवर, जिथे माझी देखरेखच नव्हती. त्यावर चारोळ्या झाल्या, स्टिकर झालं. एक स्टिकर वेदांतनेही टाकलं. तीच सगळी मुलं इन्स्टाग्रामवर, म्हणून यानं तिकडे जाणंच सोडलं. माझ्या स्क्रीनवर ती चोवीस मिनिटं झाली, आणि मी त्याचा शिरा केला.

हे कुठलंही फिल्टर धरू शकलं नसतं, हेही मला नंतर समजलं. टीन अकाउंटवर आशयाची मर्यादा कडक असते. मारामारीचे व्हिडिओ किंवा सौंदर्य शस्त्रक्रियांची भलामण करणाऱ्या गोष्टी एक्सप्लोर आणि रील्समध्ये कमी दाखवल्या जातात. मेसेजमध्ये नग्न फोटो असल्याचा संशय आला तर तो धूसर दिसतो, आणि सोळाच्या आतल्या मुलाला ते बंद करायला घरच्यांची परवानगी लागते. या सोयी कामाच्या आहेत, त्या चालूच ठेव. पण झोपलेल्या मुलाचा फोटो आणि त्याखाली 'कुंभकर्णाचा नातू' ही कुठल्या नियमात बसणारी वाईट गोष्ट आहे? ती वाईट आहे हे फक्त त्या वर्गातल्या चाळीस पोरांना कळतं. मुलाने एखादी गोष्ट रिपोर्ट केली तर पालकाला कळू शकतं, पण ते कळवायचं की नाही हे मुलगा ठरवतो. आणि ओजसने तर रिपोर्टच केलं नव्हतं. काय करणार होता, स्वतःच्याच मित्राची तक्रार?

मी त्याला सरळ विचारलं नाही. "वेदांतची आई भेटली होती, तुला विचारत होती," एवढंच म्हटलं आणि भांडी घासत राहिले. दहा मिनिटांनी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मग सगळं बाहेर आलं. वर्गशिक्षकांशी मी बोलले, ग्रुपमधून फोटो काढायला लावला. स्टिकर ज्यांच्या फोनवर आहे त्यांच्या फोनवर आहेच, त्याला आता कोण काय करणार. वेदांत दोन दिवसांनी घरी आला. दोघं गच्चीवर तासभर होते. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

आता मी रविवारी आकडा शेवटी बघते. आधी मागच्या आठवड्याची नावं वहीत उतरवलेली असतात ती काढते आणि शेजारी या आठवड्याची मांडते, कारण सात दिवसांच्या मागचं ॲप मला दाखवत नाही. नवीन नाव आलं तर विचारते. जुनं गेलं तर लगेच विचारत नाही, चार दिवस घरात लक्ष ठेवते. वेळ अचानक वाढला तर काळजी वाटायचीच, पण अचानक निम्म्यावर आला तरी मी आता खूश होत नाही. इराचं दुसरं खातं असू शकतं, हेही डोक्यात ठेव. वेगळी जन्मतारीख टाकून मैत्रिणीच्या फोनवर काढलेलं खातं तुझ्या फॅमिली सेंटरमध्ये येणार नाही. त्यातही खूण तीच असते. ओळखीचं खातं ओस पडतं, आणि पोरगी तर दिवसभर हसत मैत्रिणींच्या रील्सबद्दल बोलत असते.

इराला आमंत्रण पाठवताना तिच्या शेजारी बसून पाठव. तुला काय दिसणार आहे ते तुझ्याच फोनवर तिला दाखव, आणि मेसेजचा मजकूर दिसत नाही हेही दाखव. ओजसचा निम्मा राग त्या स्क्रीनवर काहीच विशेष नाही हे पाहून गेला होता.

हे लिहीत असतानाच माझ्या फोनवर सूचना आली. ओजसला खातं सार्वजनिक करायचंय. फुटबॉलच्या फ्री किकचे व्हिडिओ टाकायचे म्हणे, वेदांत काढणार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तो बाहेरच्या खोलीत बसलाय आणि दर दोन मिनिटांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघतोय.

तुझी,
मंजू

ता. क. संक्रांतीला येताना तुझ्या आईच्या हातच्या गुळाच्या पोळ्या विसरू नकोस. ओजसने खास सांगायला लावलंय.