शेक सुरू असताना मास्क सैल पडला, तर त्याच दिवशी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत कॅन्सरवरच्या प्रोटॉन रेडिएशन उपचारांवर लेख आला आणि त्यानंतरच्या आठवड्यात मला तीन घरांतून फोन आले. तिघांचाही प्रश्न एकच होता, "एखादा एकर विकून पेशंटला प्रोटॉनसाठी मुंबई किंवा चेन्नईला न्यावं का?" मी नागपुरात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून अठ्ठावीस वर्षं काम केलं. डॉक्टर रेडिएशनचा, म्हणजे शेकाचा, डोस ठरवतात. तो गाठीवर बसावा आणि शेजारच्या अवयवांना लागू नये, याचं प्लॅनिंग आम्ही करतो. म्हणून हे पत्र.

गाठ चार सेंटिमीटरची गोल आहे असं समजा. तिचं आकारमान साधारण 33 घनसेंटिमीटर भरतं. पेशंट रोज मिलिमीटरच्या अचूकतेनं झोपत नाही, म्हणून गाठीभोवती मोकळी कड धरावी लागते. सगळीकडून एक सेंटिमीटर कड धरली की शेक मिळणारा भाग 113 घनसेंटिमीटर होतो, म्हणजे तिपटीहून जास्त. कड तीन मिलिमीटरवर आणता आली तर तोच भाग 51 वर येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रेडिएशनमध्ये जी प्रगती झाली, तिचा मोठा हिस्सा ही कड कमी करण्यात आहे. पण कड जितकी बारीक, तितकी चूक महाग. पाच मिलिमीटरची हालचाल एक सेंटिमीटरच्या कडेत सामावते, तीन मिलिमीटरच्या कडेत गाठीचा काही भाग बाहेर राहतो.

एक उदाहरण सांगतो. काटोलकडचे संत्रा बागायतदार, वय बावन्न, तीस वर्षं खर्रा. जिभेच्या मुळाशी उजवीकडे कॅन्सर. ग्रे या रेडिएशनच्या एककात सत्तरचा डोस, 35 शेकांत, सोमवार ते शुक्रवार असे सात आठवडे. जुन्या पद्धतीत दोन्ही गालांकडून समोरासमोर किरण सोडत. दोन्ही कानांखालच्या लाळग्रंथी त्यात पूर्ण भाजत आणि तोंड जन्मभर कोरडं राही. घोटभर पाण्याशिवाय भाकरीचा तुकडा गिळता न येणारे असे कितीतरी पेशंट मी पाहिले आहेत.

आयएमआरटी या नव्या पद्धतीत हिशेब उलट्या बाजूनं मांडतात. डॉक्टर सीटीच्या प्रत्येक कापावर गाठ, लाळग्रंथी, मज्जारज्जू यांच्या रेषा आखतात. मग आम्ही संगणकाला मर्यादा देतो: गाठीला सत्तर, मज्जारज्जूला कुठेही 45 च्या वर नाही, डाव्या लाळग्रंथीची सरासरी 26 च्या आत. संगणक अनेक दिशांचे किरण लहान-लहान तुकड्यांत फोडून प्रत्येकाची तीव्रता वेगळी ठेवतो. यंत्राच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्या आत-बाहेर सरकत तो आकार घडवतात. ब्रिटनमधल्या चाचणीत (2011) जुन्या पद्धतीनं शेक घेतलेल्यांपैकी 74 टक्क्यांना वर्षभरानंतरही तोंड कोरडं पडण्याचा लक्षणीय त्रास होता, आयएमआरटीत 38 टक्क्यांना. उरलेले 38 टक्केही थोडे नाहीत, हेही लक्षात घ्यावं.

या बागायतदारांचं प्लॅन छान जमलं होतं. डाव्या ग्रंथीची सरासरी 23 ग्रे, म्हणजे दर शेकाला सुमारे 0.66. चौथ्या आठवड्यात त्यांचं वजन 61 वरून 54 किलोवर आलं. गिळताना आग व्हायची, जेवण सुटलं होतं. डोकं हलू नये म्हणून शेकाच्या वेळी चेहऱ्यावर प्लास्टिकचा घट्ट मास्क बसवतात. एका सकाळी तो लावताना टेक्निशियन मुलीच्या लक्षात आलं की गालाजवळ तिचं बोट आत जातंय. पेशंटला विचारलं तर म्हणाले, "आता आवळत नाही, बरं वाटते साहेब." मास्क ढिला पडला की पेशंटला सुटल्यासारखं वाटतं, म्हणून तो आपणहून सांगत नाही.

टेबलावरच घेतलेल्या सीटीत दिसलं की गाल आत गेलेत, आणि डावी ग्रंथी आक्रसून चार मिलिमीटर आत, जास्त डोसच्या बाजूला सरकली आहे. जुनं प्लॅन नव्या शरीरावर मोजलं तेव्हा ती दर शेकाला 0.85 घेत होती. वीस शेक झाले होते, पंधरा बाकी होते. तसंच चालू ठेवलं असतं तर एकूण सरासरी 26 च्या उंबरठ्यावर गेली असती. नवा मास्क, नवा सीटी, नव्या रेषा, नवं प्लॅन, यंत्रावर त्याची तपासणी, यात दोन दिवस गेले. शेवटी बेरीज साडेतेवीसच्या आसपास राहिली. संगणकानं हे आपोआप पकडलं नसतं. पडद्यावरचं जुनं प्लॅन शेवटच्या दिवसापर्यंत सुंदरच दिसलं असतं.

माझ्याच नात्यातल्या एका बाईंचा शेक दुसरीकडे झाला. नऊ किलो वजन उतरलं, आणि फाइलमध्ये पहिल्या दिवसानंतर वजनाची एकही नोंद नाही. त्या आज रात्री उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपतात. हे मला अजून सहन होत नाही.

स्टिरिओटॅक्टिक उपचारात, म्हणजे मोजक्याच शेकांत मोठा डोस नेमका देण्याच्या पद्धतीत, हा प्रश्न आणखी टोकदार होतो. फुप्फुसाच्या लहान गाठीला 54 ग्रे तीनच शेकांत देतात, एकेका वेळी अठरा. पस्तीसपैकी एक शेक चुकला तर एकूण डोसच्या तीन टक्क्यांचा प्रश्न असतो, इथे एक तृतीयांश डोस वाया जातो आणि तो निरोगी भागात जातो. गाठ श्वासाबरोबर वर-खाली होते, म्हणून श्वासाच्या सगळ्या टप्प्यांचा सीटी काढूनच कड ठरवावी लागते.

आता प्रोटॉन. एक्स-किरण शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही. पण तो कुठे थांबेल हे वाटेतल्या मांस-हाडांवर ठरतं. सीटीवरून केलेल्या हिशेबात साडेतीन टक्क्यांची शंका धरतात, म्हणजे दहा सेंटिमीटर खोलीवर साडेतीन मिलिमीटर. आणि गाल पाच मिलिमीटरनं आत गेला तर एक्स-किरणांचा डोस खोलवर दोनेक टक्क्यांनी बदलतो, प्रोटॉन मात्र पाच मिलिमीटर पुढे जाऊन थांबतो. म्हणजे आमच्या बागायतदारांना प्रोटॉन दिला असता तर वजनाकडे आणखी डोळ्यांत तेल घालून पाहावं लागलं असतं. प्रोटॉनचा फायदा खरा आहे. घशाच्या कॅन्सरवरच्या, 2024 मध्ये मांडलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत प्रोटॉन घेतलेल्यांना जेवण देण्यासाठी पोटात घालायच्या नळीची गरज कमी लागली. पण वेळेवर नवा सीटी झाला नाही तर तो फायदा हातातून निसटतो.

फोन करणाऱ्यांपैकी एकाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, गाठ कवटीच्या तळाशी. वाढत्या मेंदूला पलीकडचा डोस वाचवणं इथे खरंच मोलाचं आहे. त्यांना मी खारघरच्या टाटांच्या प्रोटॉन केंद्रात दाखवायला सांगितलं, ते 2023 पासून सुरू आहे. दुसऱ्यांच्या आईच्या फुप्फुसात अडीच सेंटिमीटरची गाठ आहे, त्यांना नागपुरातच स्टिरिओटॅक्टिक शेक घ्यायला सुचवलं, फक्त श्वासाचा सीटी होणार का ते आधी विचारून. तिसऱ्यांच्या वडिलांचा गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आयएमआरटी पुढच्या सोमवारी सुरू होतोय. त्या मुलाला म्हटलं, एकर राहू दे. दर सोमवारी वडिलांचं वजन कर आणि वहीत लिही. चार-पाच किलो उतरलं किंवा मास्कमध्ये बोट जायला लागलं, तर त्याच दिवशी टेबलावर झोपण्याआधी टेक्निशियनला सांग, आणि "नवा सीटी करायचा का?" हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी येऊ नको.

आपला वाचक,
एक निवृत्त वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ
प्रतापनगर, नागपूर