बंड्यास, कुरडयांच्या निमित्ताने

पंचवटी, नाशिक

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही, याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे. इकडे सगळे ठीक. आजीचा गुडघा आहे तसाच, माझं पित्त आहे तसंच. तुझी बदली झाल्याचं कळलं. घर मिळालं का? पोराचं अॅडमिशन?

आता खरं कारण. आजीने गच्चीवर कुरडया घातल्या आणि त्यावरून घरात रामायण झालं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. आमच्या गच्चीवर वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खाल्लेला माणूस तूच.

तुला आमचं घर अकरा माणसांचं आठवतं. चार क्विंटल गहू यायचा, एरंडेल लावून कोठीत जायचा आणि कोठीची किल्ली आजीच्या कमरेला. सकाळी काकू आधी विचारायची, "आई, भाजी कोणती करू?" मग थोरले काका बंगळूरला गेले, धाकटे गुडगावला, आत्या तर आधीच कॅनडात. तेव्हा गंमत म्हणजे आजीचं वजन वाढलं. 2016 च्या पुरात चारी दिशांनी तिलाच फोन, "आई, पाणी कुठपर्यंत आलं?" ती म्हणायची, "दुतोंड्या मारुतीला विचार, मी काय घाटावर उभी आहे?" पण खूश होती. घराची बातमी तिच्याकडूनच बाहेर जायची.

मग गेल्या दिवाळीत आई-बाबा ताईच्या जुळ्यांपायी पुण्याला गेले. उरलो मी, ही आणि आजी. पोळ्या चाळिसाच्या सहावर आल्या. आजी कणीक मळायला बसली की म्हणते, "एवढीशी कणीक हाताला लागतच नाही." मळते मात्र परातभर, आणि उरलेली फ्रीजमध्ये काळी पडते. ही दोन दिवस गप्प बसली, तिसऱ्या दिवशी पोळ्यांना बाई लावली. कोठीत आता पाच किलोची पिशवी आणि माझी जुनी सायकल. किल्ली अजून कमरेला आहे. कुलूप कधीच गंजून गेलं.

आणि कॅमेरा. तो मी लावला, बंड्या, हॉलमध्ये, पलंगासमोर. आम्ही दोघं दिवसभर नोकरीवर, ती एकटी, म्हणून काकांनी पैसे पाठवले आणि मी स्टुलावर चढून भिंतीला भोक पाडलं. त्यातून बोलताही येतं. भरदुपारी भिंतीतून काकांचा आवाज येतो, "आई, गोळी घेतली का?" पहिल्या आठवड्यात आजी त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बसायची. म्हणे, कोण बघत असेल सांगता येत नाही. त्या पलंगावरून ती येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची, आठवतं? तुझ्या खिशातल्या कैऱ्या तिथूनच पकडल्या होत्या. महिन्याभरात तिने दुपारची वळकटी कोठीत नेली. कोठीत कॅमेरा नाही. मला वाटलं, तिथे गार लागत असेल.

एप्रिलमध्ये कोठीतून आंबूस वास यायला लागला. मी उंदीर मेला म्हणून सायकल हलवून पाहिली. तो भिजवलेल्या गव्हाचा वास! मोठ्या पातेल्यात पाच किलो लोकवन, तीन दिवस, रोज पाणी बदलून. आमची पोळीवाली बाई फितूर होती, दळायला तिनेच मदत केली. पाणी बदलायला चुकलं की चीक आंबतो आणि कुरडई पिवळी पडते, एवढं मलाही ठाऊक आहे, पण ब्याऐंशीव्या वर्षी हे कोण करतं? मी विचारलं तर म्हणाली, "वास येतो तर खिडकी उघड."

चौथ्या दिवशी पहाटे पाचला गुडगावच्या काकांना जाग आली, त्यांनी कॅमेरा उघडला, पलंग रिकामा. माझा फोन सायलेंटवर. त्यांनी शेजारच्या जोशीकाकूंना उठवलं, काकूंनी आमचं दार बडवलं, मी बनियनवर घरभर "आजी, आजी" करत फिरलो. शेवटी गच्ची.

गच्चीवर शेगडी पेटलेली. खालच्या खोलीतल्या नर्सिंगच्या तीन पोरी आजीभोवती. रात्रभर निवळलेल्या चिकावरचं पिवळं पाणी ओतून टाकलेलं होतं आणि आजी बुडातला पांढराशुभ्र चीक पातेलीने मोजत होती. जितका चीक तितकंच आधण. मीठ घालून पाण्याला उकळी आली, एक पोरगी बारीक धारेने चीक सोडायला लागली, दुसरी लाटण्याने घोटत होती. "हात थांबवू नको, गुठळी झाली तर सोऱ्यातून उतरायची नाही." मी म्हटलं, आजी, खाली चल, काका फोनवर आहेत. तिने मान वर केली नाही. पोरीने विचारलं, "आजी, झालं का?" आजीने बोट पाण्यात बुडवून चिकाला लावलं. चिकटलं. "अजून कच्चा आहे. आत्ता घातल्या तर वाळताना भुगा होईल, तळल्या तर फुलणार नाहीत." पाच मिनिटांनी तो काचेसारखा चकाकायला लागला, बोट कोरडं निघालं, तेव्हा सोऱ्या भरला. "आजी, आता पुढे काय?" असं त्या तिघी आळीपाळीने विचारत होत्या आणि ती सांगत होती. मी फोन कट केला.

सोऱ्या नवीन होता. जुना पितळी तू आठवीत कट्ट्यावरून पाडलास आणि मार मी खाल्ला. विसरलेलो नाही.

रविवारी सगळ्यांचा व्हिडिओ कॉल. ठरलं असं की आजीने चार-चार महिने फिरावं: बंगळूर, गुडगाव, पुणे. आत्या म्हणाली, नाशिकला तिला बघणारं आहे कोण? आणि सगळे माझ्याकडे बघत गप्प.

मीही गप्प होतो, बंड्या. हेच सांगायला पत्र लिहितोय. मला पुण्याची ऑफर आली आहे, मार्चपासून खिशात आहे. हिने तर तिथल्या नोकरीची चौकशीही केली. "ती माझ्याजवळ राहील" एवढे तीनच शब्द होते, पण ते बोललो असतो तर पुणं गेलं असतं. आजी माझ्याशेजारीच बसली होती. तिने फक्त विचारलं, "बंगळूरला गच्ची आहे का?" काका म्हणाले, चौदावा मजला आहे, बाल्कनी मोठी आहे. ती बरं म्हणाली.

कुरडया तीन दिवसांत कडकडीत वाळल्या. काल तिने डबे भरले, झाकणांवर पट्ट्या चिकटवून मला नावं लिहायला लावली. बंगळूर, गुडगाव, कॅनडा. मग पुणे. मग आणखी एकावर पुणे.

मी म्हटलं, "पुण्याला एकच ना, आजी? ताईकडे."

"दोन लागतील," म्हणाली आणि झाकण दाबून बसवलं.

तिला कुणी सांगितलं, कळत नाही. ही शपथ घेते की मी नाही. मी अजून तिच्याशी बोललेलो नाही. रोज ऑफिसातून येताना ठरवतो आणि जिना चढेपर्यंत विरतं. तू असतास तर मला ढकलत कोठीत नेलं असतंस. फोन कर, पण रात्री नऊनंतर, आणि हॉलमध्ये असेन तर उचलणार नाही.

सहावा डबा तुझा. त्यावर तिने गावाचं नाव लिहू दिलं नाही, म्हणाली, "सोऱ्या फोडणाऱ्याचा, असं लिही." म्हणजे तिला तेव्हाही माहीत होतं, आणि मार तरी मलाच! नवा पत्ता पाठव.

तुझा,
पक्या