महालक्ष्म्यांची पावलं आणि माझा डावा पाय

नागपूर,
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

प्रिय कुंदा,

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जायचं म्हटल्यावर मी फोनवर जरा गुळमुळीत बोलले, आणि तू रुसलीस. नंतर जाता जाता म्हणालीस की तुझाही घोटा आतल्या बाजूनं ठणकतोय, रात्री बाम चोळून झोपतेस. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

माझं सुरू झालं मागच्या वर्षी महालक्ष्म्यांत. तीन दिवस ओट्यापाशी उभी होते. सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि अनवाणी पायाखाली गुळगुळीत फरशी. तिसऱ्या दिवशी डाव्या घोट्याच्या आतल्या हाडामागे सूज दिसली, बोट लावलं की कळ यायची. शाळेच्या जिन्यावर मुरगळला असेल म्हणून क्रेप बँडेज गुंडाळलं. मुरगळलेला पाय महिन्या-दीड महिन्यात बरा होतो, आणि बहुतेकदा बाहेरच्या बाजूनं दुखतो. माझा आतून दुखत होता आणि दिवाळी उलटली तरी दुखतच होता. तेव्हाच शंका यायला हवी होती. एका डॉक्टरांनी मला टेबलावर निजवून एक्स-रे काढला, 'हाड ठीक आहे' म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्या असेपर्यंत बरं वाटलं, एवढंच.

खरी गोष्ट माझ्या लक्षात आली न्हाणीघरात. ओल्या पायानं बाहेर आले आणि फरशीवर ठसे उमटले. उजव्या पायाचा ठसा मधे कंबरेसारखा आत गेलेला, डाव्याचा मात्र अख्ख्या पोळीसारखा सपाट. आपण महालक्ष्म्यांची पावलं मुठीच्या कडेनं उमटवतो ना, त्यात आतल्या बाजूला बाक आपोआप येतो. माझ्या डाव्या पायाचा तोच बाक गेला होता. चाळीस-पन्नास वर्षं बरी असलेली कमान, आणि तीही एकाच पायाची खचावी, याचं मला फार नवल वाटलं.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. पाय हातात घेण्याआधी त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि मागून पाहिलं. उजव्या पायाची बाहेरच्या बाजूला जेमतेम करंगळी दिसत होती, डाव्याची तीन-साडेतीन बोटं. पंजा बाहेर वळला होता आणि टाच बाहेरच्या बाजूला कलली होती. मग म्हणाले, भिंतीला नुसती बोटं टेका, उजवा गुडघा वाकवून पाय उचला आणि एकट्या डाव्या पायावर टाच वर करा. अगं, वर होईचना! जोर लावते आहे, दात खाते आहे, आणि टाच फरशीला चिकटलेली. उजवी मात्र सहज उचलली गेली, आणि उचलताना जराशी आत वळली. निरोगी पायाची खूण म्हणे तीच. दोन्ही पायांवर केलं तर चांगला पाय ओझं उचलतो आणि आपली फसगत होते, म्हणून हे एका पायावरच करायचं.

दोष होता टिबिॲलिस पोस्टिरिअर नावाच्या टेंडनचा. पोटरीतल्या खोल स्नायूपासून निघालेली ही दोरी आतल्या घोट्यामागून वळसा घेते आणि कमानीच्या माथ्यावरच्या हाडाला येऊन धरते. पाऊल टाकताना कमान तोलते आणि टाच आत खेचते ती हीच. विहिरीच्या रहाटावर दोर जिथे वळतो तिथेच झिजतो ना, तसंच घोट्यामागच्या वळणाला हिचं होतं. शिवाय नेमका तिथेच रक्तपुरवठा तोकडा, म्हणून झीज भरून निघत नाही. वय, वजन आणि साखर यांची त्यात भर. माझ्याकडे तिन्ही आहेत, तुला ठाऊकच आहे. दोरी सैल पडली की ओझं तळव्यातल्या हाडं बांधणाऱ्या पट्ट्यांवर येतं. त्या हळूहळू ताणल्या जातात आणि कमान बसते. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत ते लख्ख दिसलं. निजून काढलेल्यात पायावर ओझंच नसतं, मग खचणं कसं दिसणार? सोनोग्राफीत टेंडन जाडसर, सुजलेली निघाली, पण तुटली नव्हती.

डॉक्टरांनी पाय हातात घेऊन टाच सरळ करून पाहिली. ती सरळ होत होती. सगळा खेळ इथेच ठरतो, कुंदा. पाय लवचिक असेल तर बूट, पट्टे, व्यायाम यांनी निभावतं. तेवढ्यानं नाहीच जमलं, तर बोटं वाकवणारी शेजारची टेंडन इथे जोडतात आणि टाचेचं हाड कापून आत सरकवतात. पाय ताठर झाला की मात्र सांधेच जोडून टाकावे लागतात. आणि आतलं दुखणं कमी होऊन बाहेरच्या घोट्याखाली दुखायला लागलं तर 'बरं वाटतंय' समजू नकोस. तिथे हाडावर हाड चेपतं, म्हणजे आजार पुढे गेलेला असतो.

मला सहा आठवडे गुडघ्याखालपर्यंतचा मोठा बूट घातला. एप्रिल-मे महिन्यात, नागपुरात! बाप्पा, आतला मोजा पिळला तर पाणी निघावं. पोरं वर्गात मला रोबोट म्हणायची. सूज उतरल्यावर पायाचं माप घेऊन बुटात घालायचे तळवे बनवले. आतल्या बाजूला उंच, टाचेखालीही आतून जरा उचललेले. त्याआधी दुकानातले मऊ जेलचे आणले होते. ते पायाखाली पार चेपून जायचे, पैसे वाया. बुटाची टाचेमागची बाजू दाबली तर दबायला नको, हे पाहून बूट घे. घरातही अनवाणी चालायचं नाही. मी स्वयंपाकघरासाठी वेगळे बूट ठेवलेत, सासूबाई बघून न बघितल्यासारखं करतात.

सूज असताना व्यायाम नाही, तो नंतर. खुर्चीत बसून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूनं बांधायचा, तळवा आत वळवायचा आणि परत सोडताना अगदी सावकाश सोडायचा. मग दोन्ही टाचांमध्ये छोटा चेंडू दाबून टाचा उचलायच्या. चेंडू निसटला की टाच आत वळत नाहीये हे कळतं. माझा पहिला महिनाभर कपाटाखालीच जायचा. शिवाय भिंतीला हात लावून, गुडघा ताठ ठेवून पोटरी ताणायची. पोटरी आखडलेली असली की पाय घोट्यात वाकत नाही, मधेच मोडतो. सुईचं कोणी म्हणालंच, तर स्टेरॉइडचं इंजेक्शन त्या टेंडनमध्ये घेऊ नकोस. ती आधीच कमकुवत, त्यानं तुटायची भीती असते.

तो मोठा बूट चढवल्याला आज सहा महिने झाले. फुटाळा तलावाकाठी अर्धा तास चालते, संध्याकाळी सूज येत नाही. परवा एका पायावर टाच दोन बोटं उचलली गेली, मी एकटीच टाळ्या वाजवल्या. कमान परत आलेली नाही, येणारही नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ओला ठसा अजून पोळीसारखाच आहे.

तर आता तू एवढं कर. जावयाला नको, लेकीला सांग. साडी घोट्याच्या वर धरून उभी राहा आणि दोन्ही टाचांचा मागून फोटो काढून पाठव. मग भिंतीपाशी एका पायावर टाच उचलून पाहा आणि काय झालं ते खरं सांग. उचलली नाही, तर बाम ठेवून दे आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. उभ्यानंच एक्स-रे काढा म्हणून सांग.

रामटेकला येते. पण पायऱ्या नाही, गाडीनं वरपर्यंत जाऊ. देवळात अनवाणी जेवढं चालावं लागेल तेवढं तुझा हात धरून.

तुझी,
मंजू